भिवंडीतल्या सत्तर समित्या

भिवंडीत शांतता म्हणजे आवाज. यंत्रमागांची खटखट दिवसरात्र चालू असते, आणि तिथल्या माणसाला ती ऐकूसुद्धा येत नाही. ती थांबली की मात्र तो घराबाहेर येऊन बघतो. वीज गेली का, संप झाला का, की आणखी काही? ६ डिसेंबर १९९२ नंतरच्या दिवसांत या ‘आणखी काही’ची धास्ती साऱ्या महाराष्ट्राला होती. जेमतेम चाळीस किलोमीटरवरची मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत पेटली. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतले बळी मोजले तेव्हा आकडा ९०० झाला. भिवंडीत मात्र एकही माणूस दंगलीत मेला नाही.

यात नवल काय, हे कळायचं तर भिवंडीची तोवरची ख्याती माहीत हवी. ज्या गावांचं नाव ऐकताच पोलीस नियंत्रण कक्षातला माणूस खुर्चीत सावरून बसायचा, त्यांत भिवंडी वरच्या क्रमांकावर होती. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल झाली आणि त्यात ७८ माणसं गेली. मे १९८४मध्ये पुन्हा आग लागली, आणि या वेळी ती भिवंडीपुरती राहिली नाही. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक जीव गेले, माग जळाले, सूत जळालं, कामगार गाव सोडून पळाले. अशा गावात आठ वर्षांनी, सगळ्या देशात ठिणग्या उडत असताना काहीच घडत नाही, तेव्हा संघर्ष आणि मध्यस्थी हा विषय शिकवणाऱ्यांना तिथे जाऊन पाहावं लागतं.

मी हे प्रकरण वर्गात मांडतो तेव्हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, यात मध्यस्थी कुठे आहे?” त्यांच्या डोळ्यांपुढे एक टेबल असतं. दोन बाजूंना दोन पक्ष, मधे एक तटस्थ माणूस, शेवटी सही आणि हस्तांदोलन. भिवंडीत असं टेबल कधी मांडलंच गेलं नाही. तिथली मध्यस्थी भांडण मोठं होण्याच्या आधी झाली, तीही अशा विषयांवर ज्यांचा धर्माशी संबंध नव्हता. म्हणूनच ती चटकन दिसत नाही.

आधी १९७०कडे वळू, कारण बिघाड कसा होतो ते तिथे स्वच्छ दिसतं. त्या वर्षी भिवंडी, जळगाव आणि महाड इथे झालेल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांच्या आयोगाने केली. त्यांचा अहवाल कंटाळा न करता वाचावा असा आहे. दंगल एका दुपारी अचानक झाली, ही समजूत तो पार मोडून काढतो. शिवजयंतीची मिरवणूक त्याआधी काही वर्षं दरसाल थोडी थोडी चढत गेली होती. कुठून जायची, मशिदीसमोर किती वेळ थांबायची, गुलाल कुठवर उधळायचा, घोषणा कोणत्या द्यायच्या, या प्रत्येक गोष्टीवर दोन्हीकडे हट्ट साठत गेला. १९७०च्या मिरवणुकीत आसपासच्या गावांतून हजारो माणसं लाठ्या घेऊन आली. दगड आधी कुणी मारला यावर आजही वाद घालता येईल, पण दगड पडायच्या आधी गाव पुरतं तयार झालेलं होतं.

शांतता समिती त्या काळीही असे. ती प्रत्येक तालुक्यात असते. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात चहा-बिस्किटांची बैठक होते. आमदार किंवा त्यांचा माणूस, दोन्ही धर्मांचे दोन-चार प्रतिष्ठित, एखादे डॉक्टर, एखादे वकील, एखादे मौलाना येतात. एकोप्याची भाषणं होतात, बातमीत फोटो येतो. बैठक खोटी नसते, पण तिला आलेल्या माणसांपैकी रात्री दहा वाजता गल्लीत उभा राहणारा कुणी नसतो. ज्या पोरांच्या हातात दगड जाणार, त्यांना हे प्रतिष्ठित ओळखत नाहीत आणि पोरं त्यांना जुमानत नाहीत. शिवाय त्यांतल्या काहींचं राजकारणच दोन समाज वेगळे राहण्यावर चालतं. अशा माणसाला मध्यस्थ नेमणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला काढायला दोर विकणाऱ्याला बोलावणं. तो आधी भाव सांगणार.

१९८८मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. १९८४च्या दंगलीचा त्यांनी मागोवा घेतला आणि ती जुनी शांतता समिती बाजूला ठेवली. त्यांनी गावाचे मोहल्ल्यांनुसार तुकडे पाडले आणि सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढे त्यांनी या प्रयोगावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं. सत्तर या आकड्याकडे जरा थांबून पाहायला हवं. १९९१च्या जनगणनेत भिवंडीची वस्ती सुमारे पावणेचार लाख होती. म्हणजे दर पाच-साडेपाच हजार माणसांमागे एक समिती. एवढ्या वस्तीत कोणता मुलगा कुठल्या नाक्यावर बसतो हे किराणा दुकानदाराला ठाऊक असतं.

समितीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने असत. राजकीय पुढारी आणि गुन्हेगारी नोंद असलेली माणसं बाहेर ठेवली होती. सभासद मोहल्ल्यातलेच साधे रहिवासी. दुसरी बाब मला याहून महत्त्वाची वाटते. समितीशी रोजचा संबंध ठेवायचं काम साहेबांनी स्वतःकडे ठेवलं नाही, ते खालच्या पोलिसांवर सोपवलं. बंदोबस्ताच्या दिवशी लाठी घेऊन उभा राहणारा पोलीसच एरवी त्याच माणसांसोबत सतरंजीवर बसू लागला. मादन आयोगाने १९७०च्या भिवंडीतल्या पोलिसांवर पक्षपाताचा ठपका ठेवला होता. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यालाच दर खेपेला समोर बसवणं, हा उपाय ऐकायला उलटा वाटतो. पण माणूस ओळखीचा झाला की त्याच्या पक्षपातावर तोंडावर बोलता येतं. अनोळखी वर्दीवर दगडच टाकता येतो.

आता हे लोक बोलत काय होते? एकात्मतेवर नव्हे. पाणी, गटार, कचरा, रस्त्यातला टेम्पो, भाडेकरूचं भांडण, पोराने पोराला मारलेली थप्पड, असले विषय. विद्यार्थ्यांना हे निराशाजनक वाटतं. सगळ्या प्रयोगाचा कणा मात्र इथेच आहे.

पोलीस ठाण्यात अशी किरकोळ तक्रार गेली की ती अदखलपात्र म्हणून नोंदली जाते. लोकांच्या भाषेत ‘एनसी घेतली’. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, त्यामुळे तक्रारदाराच्या हाती एक कागद येतो आणि भांडण जागेवरच राहतं. मिश्र वस्तीत असं भांडण नुसतं राहत नाही, ते नाव बदलतं. नळावर शांताबाई आणि शमीमबी यांची बाचाबाची झाली. पहिल्या दिवशी ती नळाची बाचाबाची असते. नवरे मधे पडले की दोन घरांची होते. कुणी सोडवलीच नाही तर पंधरा दिवसांनी ‘ते लोक’ आणि ‘आपले लोक’ यांची होते, आणि एकदा हे नाव लागलं की नळ दुरुस्त करूनही काही साधत नाही. मोहल्ला समितीचं खरं काम भांडण मिटवणं हे जेवढं होतं, त्याहून अधिक भांडणाचं नाव बदलू न देणं हे होतं. नळाचं भांडण नळाचंच राहिलं पाहिजे. त्याला प्लंबर पुरतो.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप होत असे. गटारासाठी दहा वेळा भेटलेल्या माणसांना अकराव्या वेळी अफवेसाठी भेटायला ओळख करून घ्यावी लागत नाही.

अफवा कशी अडते ते एका कल्पित रात्रीवरून सांगतो. अशाच रात्री वर्गात तक्ता मांडून सोडवून घ्याव्या लागतात. साडेनऊला एक मुलगा धावत येतो: “तिकडे आपल्या तिघांना मारलं, मशिदीवर दगड पडले.” अशा अफवांची घडण पाहून ठेवण्यासारखी आहे. घटना नेहमी ‘तिकडे’ घडलेली असते, डोळ्यांनी पाहिलेलं कुणी नसतं, आकडा मात्र अचूक असतो आणि त्यात प्रार्थनास्थळ किंवा बाई येतेच. तिला उत्तर द्यायला तिकडचा माणूस हवा. १९९०च्या सुमाराला घरोघरी फोन नव्हते. दवाखान्याचा किंवा दुकानाचा फोन, नाहीतर सायकल. तिकडच्या मोहल्ल्यात कुणाला विचारायचं हे समितीतल्या माणसाला आधीपासून ठाऊक असेल तर पंधरा-वीस मिनिटांत कळतं, की दोन दारुड्यांची मारामारी होती आणि दोघे एकाच धर्माचे होते. ठाऊक नसेल तर त्याच पंधरा-वीस मिनिटांत नाक्यावर दीडशे माणसं जमतात, आणि मग खरी माहिती आली तरी ऐकायला कान नसतो.

माहिती कळली म्हणजे संपलं असं नाही, ती सांगायची कुणी हेही ठरवावं लागतं. मुसलमान जमावाला हिंदू सभासदाने “काही झालेलं नाही” म्हटलं तर संशय वाढतो, आणि उलट बाजूलाही तेच. अफवेचा खुलासा ऐकणाऱ्याच्याच घरातल्या माणसाने करायचा असतो, आणि त्या माणसाने तो दुसऱ्या घरातल्या माणसाकडून मिळवलेला असावा लागतो. समितीत दोन्ही धर्मांची माणसं सारखी का हवीत, याचं व्यवहारातलं कारण हे आहे. फोटोत बरं दिसावं म्हणून ती संख्या नव्हती.

मिरवणुकीचंही असंच. ‘इथूनच जाणार’ आणि ‘इथून जाऊ देणार नाही’ अशी दोन वाक्यं समोरासमोर आली की मधे जागाच उरत नाही, कारण दोन्हींत मानाचा प्रश्न आहे. कसलेला मध्यस्थ त्या वाक्यांना हात लावत नाही. तो मिरवणुकीचे तुकडे करतो. निघायची वेळ कोणती, नमाजाची कोणती, मशिदीसमोरच्या शंभर पावलांत ताशा वाजणार की नाही, थांबायचं असेल तर अलीकडे की पलीकडे, गुलाल कुठे बंद करायचा, पुढच्या रांगेत कोण चालणार. एकेका तुकड्यावर हो-नाही करता येतं, थोडं देऊन थोडं घेता येतं. मान अख्खा असतो तेव्हा तो देता येत नाही. दहा मिनिटं मात्र देता येतात.

जॉन पॉल लेडरॅक या अमेरिकी अभ्यासकाने मध्य अमेरिकेतल्या अनुभवावरून एक भेद केला आहे. एक मध्यस्थ बाहेरचा आणि तटस्थ असतो. त्याचं बळ हे की त्याचं कुणाशी नातं नाही. दुसरा आतला असतो. त्याचा कल कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दोन्ही बाजू त्याच्यावर विश्वास ठेवतात, कारण उद्या त्याला याच गल्लीत राहायचं आहे. भिवंडीतले सभासद या दुसऱ्या प्रकारचे. आपल्याकडच्या गावपंचायतीतला म्हातारा कधी तटस्थ नव्हता, तरी त्याचं ऐकत. तटस्थपणाचं आपण नको इतकं कौतुक करतो, असं मला या प्रकरणापासून वाटू लागलं आहे.

डिसेंबर १९९२ आला तेव्हा खोपडे यांची बदली झालेली होती आणि गुलाबराव पोळ उपायुक्त होते. प्रयोग करणारा अधिकारी गेल्यावरही समित्या उपयोगी पडल्या, ही त्यांची पहिली खरी परीक्षा. भिवंडी टिकली.

पण समित्यांमुळेच टिकली का? शंका रास्त आहे. काही जण म्हणतात, १९८४चा मार ताजा होता, मालकांना पुन्हा माग जाळून घ्यायचे नव्हते. अशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या शहरांचा अभ्यास करून असं मांडलं की नुसता रोजचा शेजार मोठ्या शहरांना वाचवत नाही. हिंदू-मुसलमानांनी मिळून चालवलेल्या संघटना असाव्या लागतात, मग त्या व्यापाऱ्यांच्या असोत की कामगारांच्या. भिवंडी त्यांच्या पुस्तकात आहे, ती वेगळ्या कारणासाठी: अशी संघटना मुळात नसेल तर ती बाहेरून, अगदी पोलिसांच्या पुढाकाराने उभी करता येते का, याचं उदाहरण म्हणून. सुरतही त्यात आहे. सुरतेतही माग, तिथेही दोन्ही धर्मांची माणसं एका धंद्यात. डिसेंबर १९९२मध्ये जुनी सुरत बरीचशी शांत राहिली आणि शहराबाहेरच्या नव्या झोपडवस्त्यांत भयंकर हिंसा झाली. तिथे परगावहून आलेले कामगार होते, एकमेकांना बांधणारं काही नव्हतं. म्हणून धंद्याने माणसं आपोआप जोडली जातात, हे मला पटत नाही. भिवंडीत सुताचा व्यापारी, मागमालक, तेलुगू पद्मशाली आणि उत्तरेतून आलेला अन्सारी विणकर १९७०मध्येही एकमेकांवर अवलंबून होतेच. तरी माग जळाले. १९८४ आणि १९९२ यांच्या मधे जे नवीन आलं त्यात या बैठका होत्या. पुरावा म्हणून एवढं पुरेसं नाही, पण समित्या वगळून केलेला खुलासाही मला अजून कुणी पटवलेला नाही.

मुंबईने ही कल्पना जळाल्यानंतर उचलली. १९९४मध्ये पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि शांतताकार्य करणाऱ्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेटचे सामने हा तिचा एक भाग. सामन्यांना हसणारे आहेत. मी हसत नाही. हवालदाराच्या चेंडूवर बाद झालेल्या पोराला तो हवालदार नंतर नाक्यावर दिसतो तेव्हा वर्दीबरोबर चेहराही दिसतो.

आता दुसरी बाजू, कारण हे प्रकरण इथेच थांबवलं तर ती जाहिरात होईल.

५ जुलै २००६ रोजी भिवंडीत पुन्हा रक्त सांडलं. पोलीस ठाण्याच्या बांधकामाचा वाद होता. ती जमीन कब्रस्तानाची आहे असं मुसलमानांचं म्हणणं होतं. निदर्शनं झाली, गोळीबारात दोन माणसं गेली, पुढे जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. भांडण हिंदू-मुसलमानांचं नव्हतं, आणि ते तसं होऊही दिलं गेलं नाही, ही गोष्ट हिशेबात धरायला हवी. पण सगळ्या रचनेतला कच्चा दुवा त्या दिवशी उघडा पडला. मोहल्ला समितीत मध्यस्थांना एकत्र बसवणारा पोलीस असतो. वादात पोलीसच एक पक्ष झाला तर बसवणार कोण? सतरंजी ज्याची, त्याच्याशीच भांडण. अशा वेळी बैठक बोलावणारं वेगळं घर लागतं: वकील संघ, महापालिका, एखादं महाविद्यालय. असं घर भांडणाच्या आधी तयार ठेवावं लागतं, ते ऐन वेळी बांधता येत नाही.

समिती कुजते कशी तेही सांगतो, कारण ते बाहेरूनही ओळखता येतं. यादीतली नावं वर्षानुवर्षं तीच राहतात. बैठक फक्त सणाआधी होते. सभासद ओळखपत्र दाखवून वाहतूक पोलिसाकडून गाडी सोडवून घेतात आणि मोहल्ल्यात त्यांना पोलिसांचा खबरी म्हणू लागतात. एकदा हा शब्द चिकटला की त्या माणसाने अफवेचा केलेला खुलासा कुणी खरा मानत नाही. इतिवृत्तात गेल्या सहा महिन्यांत एकही गटाराची तक्रार नसेल आणि सगळे ठराव सलोख्याचे असतील, तर समिती कागदावर आहे असं खुशाल समजावं.

आणि शेवटची मर्यादा. समिती दंगल थोपवू शकते, न्याय देऊ शकत नाही. ज्याचं घर १९८४मध्ये जळालं त्याला शेजाऱ्याबरोबर सतरंजीवर बसवता येतं. पण ते कुणी जाळलं, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर बैठकीत मिळत नाही, ते न्यायालयात मिळायला हवं. योहान गाल्टुंग हे नॉर्वेचे अभ्यासक नुसती हिंसा नसणं आणि खरी शांतता यांत फरक करत. भिवंडीने पहिली गोष्ट मिळवली. दुसरी मिळवल्याचा दावा मी करणार नाही.

तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातही शांतता समितीची यादी असते. एकदा जाऊन ती पाहायला मागा. तुमच्या गल्लीतलं कुणी तिच्यात आहे का, आणि असेल तर सण सोडून ते शेवटचे केव्हा भेटले, एवढंच विचारा.